एका राजीनाम्याचा हिशेब : ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला विचारलेला प्रश्न

न्यूयॉर्क, १९९४. सेंट्रल पार्कमध्ये दोन माणसे सुमारे दोन तास चालत होती. एक डेव्हिड शॉ, पूर्वाश्रमीचे कोलंबिया विद्यापीठातील संगणकशास्त्राचे प्राध्यापक आणि आता गणिती सूत्रांवर शेअरबाजारात व्यवहार करणाऱ्या ‘डी. ई. शॉ’ या कंपनीचे मालक. दुसरा त्यांच्या हाताखालचा ३० वर्षांचा वरिष्ठ उपाध्यक्ष, जेफ बेझोस. बेझोस यांना नोकरी सोडून इंटरनेटवर पुस्तके विकायची होती. शॉ यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि जे उत्तर दिले ते बेझोस यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. कल्पना उत्तम आहे, पण ज्याला आधीच चांगली नोकरी नाही अशा माणसासाठी ती अधिक उत्तम आहे, असा त्या उत्तराचा आशय होता. शेवटचा निर्णय घेण्यापूर्वी ४८ तास विचार कर, असेही त्यांनी सुचवले.

त्या दोन दिवसांत बेझोस यांनी विचार करण्याची जी रीत वापरली, तिला त्यांनी पुढे ‘रिग्रेट मिनिमायझेशन फ्रेमवर्क’ असे नाव दिले. असले नाव फक्त एखादा पुस्तकी किडाच देऊ शकेल, अशी पुस्ती त्यांनीच स्वतः जोडली. मराठीत त्याला खंत कमीत कमी ठेवण्याची चौकट म्हणता येईल. रीत दिसायला अगदी सोपी. आपण ८० वर्षांचे झालो आहोत अशी कल्पना करायची, तिथून आयुष्याकडे मागे वळून पाहायचे आणि ज्या वाटेने गेल्यास खंती सर्वांत कमी उरतील ती वाट धरायची. करून पाहिले आणि बुडालो, तर त्याची खंत ८० व्या वर्षी वाटणार नाही. करूनच पाहिले नाही, तर मात्र ते रोज छळेल, असे उत्तर त्यांना मिळाले. त्यांनी राजीनामा दिला. ५ जुलै १९९४ रोजी वॉशिंग्टन राज्यात ‘कडाब्रा’ नावाची कंपनी नोंदली गेली. वर्षभराने, जुलै १९९५ मध्ये, तिचे संकेतस्थळ ‘ॲमेझॉन’ या नावाने सुरू झाले.

गोष्ट एवढीच सांगितली जाते, आणि म्हणूनच ती फसवी आहे. त्या ४८ तासांत हिशेब नेमका कशाचा झाला आणि कशाचा झाला नाही, हे पाहिल्याशिवाय या रीतीची ताकदही कळत नाही आणि मर्यादाही कळत नाही.

आधी हे पाहावे लागेल की म्हाताऱ्याला प्रश्न विचारण्यापूर्वी बरेच काम होऊन गेले होते. इंटरनेटवर कोणते धंदे उभे राहू शकतील याचा शोध शॉ आणि बेझोस कंपनीतच घेत होते. जॉन क्वार्टरमन यांच्या वार्तापत्रातील आकडे बेझोस यांच्या पाहण्यात आले होते. जानेवारी १९९३ ते जानेवारी १९९४ या एका वर्षात वेबवरची वाहतूक दोन हजार पटींहून अधिक वाढली होती. बेझोस पुढे भाषणांत ‘वर्षाला २,३०० टक्के’ असे सांगत. मुळातला आकडा २,३०० टक्क्यांचा नसून साधारण २,३०० पटींचा होता, म्हणजे सांगितल्यापेक्षा जवळजवळ शंभरपट मोठा. गणिती कंपनीतल्या उपाध्यक्षाने टक्के आणि पट यांची गल्लत करावी, हा इतिहासाचा एक छोटा विनोदच. चूक कमी सांगण्याच्या बाजूला झाली, हे नशीब.

मग वीसएक वस्तूंची यादी झाली आणि तीतून पुस्तके निवडली गेली. कारणे व्यवहारी होती. एकाच पुस्तकाच्या सगळ्या प्रती सारख्याच असतात, त्यामुळे न पाहता घेणाऱ्याची फसगत होत नाही. अमेरिकेत पुस्तकांचे मोठे ठोक वितरक दोनच असल्याने शेकडो प्रकाशकांच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार नव्हत्या. आणि त्या काळी छापून उपलब्ध असलेली पुस्तके ३० लाखांच्या घरात होती. कोणत्याही दुकानाच्या चार भिंतींत ती मावणे शक्य नव्हते. हे सर्व कामचलाऊ का होईना, पण बाजाराचे परीक्षण होते. ८० वर्षांच्या म्हाताऱ्याला ‘पुस्तके विकू की संगीत’ असे कोणी विचारले नव्हते. त्याच्यासमोर एकच प्रश्न ठेवला गेला: जावे की राहावे.

आणि त्या प्रश्नातली खरी अडचण कोणती होती, तेही बेझोस यांनी स्पष्ट सांगितले आहे. वर्षाच्या मध्यात नोकरी सोडली की वार्षिक बोनसवर पाणी सोडावे लागते. शेअरबाजाराच्या जगात बोनस म्हणजे किरकोळ रक्कम नव्हे. वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा त्यातच असतो. ती रक्कम ३० व्या वर्षी डोळ्यांसमोर डोंगराएवढी दिसते. ८० व्या वर्षी १९९४ सालचा बोनस कोणाच्या लक्षात राहील? या रीतीने केलेले पहिले काम हे असे होते. तिने जमाखर्चाच्या वहीतून ज्या नोंदी काळाच्या ओघात आपोआप पुसल्या जाणार होत्या, त्या आधीच पुसून टाकल्या. भविष्य सांगण्याचे काम तिने केले नाही.

या विचाराचे एक मूळ मात्र बरेच जुने आहे, आणि त्याचा एक धागा भारतात येऊन तुटतो. अब्राहम वाल्ड हे विसाव्या शतकातील फार मोठे संख्याशास्त्रज्ञ. अपुऱ्या माहितीवर निर्णय कसा घ्यावा याचे गणित त्यांनी १९५० साली ग्रंथरूपाने मांडले. त्याच वर्षी भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते व्याख्यानांसाठी येथे आले आणि डिसेंबरमध्ये निलगिरीच्या डोंगरात त्यांचे विमान कोसळले. वाल्ड आणि त्यांच्या पत्नी, दोघेही त्यात गेले. पुढच्या वर्षी, १९५१ मध्ये, लिओनार्ड सॅव्हेज यांनी वाल्ड यांच्या ग्रंथाचे विस्तृत परीक्षण लिहिले आणि त्यात एक दुरुस्ती सुचवली. एखाद्या निर्णयाने किती नुकसान होईल एवढेच मोजू नका. जी परिस्थिती प्रत्यक्षात येईल तीत सर्वोत्तम निर्णयाने जे मिळाले असते, त्यापेक्षा आपल्या निर्णयाने किती कमी मिळाले, तो फरक मोजा. मग ज्या वाटेवर हा फरक जास्तीत जास्त किती होऊ शकतो तो आकडा सर्वांत लहान आहे, ती वाट निवडा. निर्णयशास्त्रात हा नियम ‘मिनिमॅक्स रिग्रेट’ म्हणून ओळखला जातो.

बेझोस यांचा प्रश्न या नियमात बसवून पाहता येतो. चार घरांचा तक्ता मांडावा. नोकरीतच राहिले आणि वेबचा फुगा फुटला, तर खंत शून्य. नोकरी सोडली आणि वेब फोफावले, तरी खंत शून्य. नोकरी सोडली आणि धंदा बुडाला, तर खंत म्हणजे गेलेला बोनस, दोन-तीन वर्षांचा पगार आणि गुंतलेला पैसा. नोकरीत राहिले आणि वेब फोफावले, तर खंत म्हणजे जिचा आकडाच मांडता येत नाही अशी एक अख्खी संधी. जाण्याच्या वाटेवर सर्वांत मोठी खंत मर्यादित आहे, राहण्याच्या वाटेवर ती अमर्याद. नियम सांगतो: जा.

पण या तक्त्यात एक गोष्ट कुठेच नाही, ती म्हणजे शक्यता. यश मिळण्याची शक्यता ३० टक्के असो की ३ टक्के, चार घरांतले आकडे तेच राहतात आणि उत्तरही तेच येते. बेझोस यांना याचे भान होते, असे त्यांच्या पुढच्या वागण्यावरून दिसते. भांडवल गोळा करताना त्यांनी गुंतवणूकदारांना स्वच्छ सांगितले की सगळे पैसे बुडण्याची शक्यता ७० टक्के आहे. नवा धंदा टिकण्याची शक्यता एरवी दहा टक्केच असते. आपण स्वतःला तिप्पट संधी देत होतो, असा त्यांचा हिशेब होता. शक्यतेचा हा अंदाज म्हाताऱ्याकडून आलेला नव्हता. तो वेगळा करावा लागला.

तक्त्यातले ‘सोडले आणि बुडाले’ हे घर तर अधिकच बारकाईने पाहायला हवे. बेझोस प्रिन्स्टनचे पदवीधर होते. संगणक आणि शेअरबाजार ही दोन्ही क्षेत्रे त्यांना अवगत होती. मूलबाळ नव्हते. पत्नी मॅकेन्झी याही प्रिन्स्टनच्याच, आणि दोघांची भेट झाली ती डी. ई. शॉमध्येच. लग्नाला वर्षच झाले होते, आणि त्यांनी ‘जा’ असेच सांगितले. धंदा बुडाला असता तर ३२-३३ व्या वर्षी बेझोस यांना दुसरी चांगली नोकरी मिळणे मुळीच कठीण नव्हते. शॉ यांच्या युक्तिवादाला खरे उत्तर इथे आहे. चांगली नोकरी असलेल्या माणसाने ती सोडावी का, असे शॉ विचारत होते. पण ज्याला चांगली नोकरी एकदा मिळाली आहे त्याला ती पुन्हा मिळण्याची शक्यताही अधिक असते. हेच घर एखाद्या कर्जबाजारी कुटुंबातील एकट्या कमावत्या माणसाच्या तक्त्यात भरले, तर त्यात घराचा लिलाव आणि मुलांचे थांबलेले शिक्षण येईल. ८० व्या वर्षी त्या गोष्टी बोनससारख्या विसरल्या जात नाहीत.

त्या घरात आणखी कोणाचा तरी पैसा होता, हे सहसा कोणी सांगत नाही. १९९५ मध्ये आईवडिलांच्या कुटुंबाकडून मिळून सुमारे २ लाख ४५ हजार डॉलर कंपनीत आले. ७० टक्क्यांचा इशारा त्यांनाही दिला होता. पण मुलाच्या ८० व्या वर्षीची खंत कमी करण्याच्या हिशेबात आईवडिलांच्या साठाव्या-सत्तराव्या वर्षीची खंत धरली होती का, हा प्रश्न या चौकटीत विचारलाच जात नाही. ती एकाच माणसाच्या वहीत बसते.

आता मानसशास्त्राकडे वळावे लागते, कारण बेझोस यांनी केलेले दुसरे गृहीतक तिथे तपासता येते. केलेल्याची खंत वाटणार नाही, न केलेल्याची वाटेल, हे त्यांनी कशावरून ठरवले? डॅनिएल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९८२ मध्ये नेमके उलटे दाखवले होते. दोन भागधारक घ्या. एकाने शेअर बदलण्याचा विचार केला, पण बदलला नाही. दुसऱ्याने बदलला. दोघांचेही १,२०० डॉलर हुकले. जास्त हळहळ कोणाला वाटेल? ९२ टक्के लोकांनी सांगितले, बदलणाऱ्याला. म्हणजे हातून घडलेली कृती अधिक बोचते.

योगायोग असा की १९९४ सालीच कॉर्नेल विद्यापीठाचे थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी या निष्कर्षात काळाचा घटक घातला. नुकत्याच घडलेल्या गोष्टीबाबत केलेली चूक बोचते, हे त्यांना मान्य होते. पण संपूर्ण आयुष्याकडे मागे वळून पाहताना सर्वांत मोठी खंत कोणती, असे प्रौढांना दूरध्वनीवरून विचारले असता चारांपैकी तिघांनी न केलेली गोष्ट सांगितली. न घेतलेले शिक्षण, न साधलेली संधी, न दिलेला वेळ.

असे का होते, याचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण फार मोलाचे आहे. केलेली चूक माणूस दुरुस्त करतो, निस्तरतो, निदान ‘यातून काही शिकलो’ अशी समजूत घालून घेतो. न केलेल्या गोष्टीला दुरुस्तीची संधी नसते, आणि तिच्यातून काय काय निष्पन्न झाले असते याची यादी कल्पनेत वाढतच जाते. शिवाय ज्या भीतीमुळे किंवा अडचणीमुळे ती गोष्ट केली नाही, ती भीती काळाबरोबर विरून जाते. मग उतारवयातल्या माणसाला प्रश्न पडतो, ‘अरे, मी हे का केले नाही? सहज जमले असते की!’

इथे थोडे थांबणे गरजेचे आहे. बेझोस यांच्या रीतीची ताकद ज्या कारणात आहे, त्याच कारणात तिची चूकही दडलेली आहे. म्हाताऱ्याला तरुणपणीची भीती आठवत नाही. ती भीती पोकळ असेल, तर हे विस्मरण उपकारक. पण ती साधार असेल, म्हणजे घरात आजारी माणूस असेल, पैसा खरोखरच नसेल, कौशल्य अपुरे असेल, तर तेही म्हातारा विसरतो आणि तरुणावर अन्याय करतो. न्यायाधीश दूर बसलेला आहे म्हणून तो शांत आहे, हे खरे. पण पुराव्याचे अर्धे कागद त्याच्यापर्यंत पोहोचलेलेच नसतात.

कानेमान यांचाही आक्षेप होता. मागे वळून पाहताना न केलेल्या गोष्टींबद्दल जे वाटते ते तीव्र दुःख नसते, ती एक मंद हुरहुर असते, असे त्यांचे म्हणणे. हा वाद मराठीत समजावून सांगणे सोपे आहे, कारण मराठीत दोन वेगळे शब्दच आहेत. केलेल्याचा पश्चात्ताप होतो. न केलेल्याची रुखरुख लागते. पश्चात्ताप झोप उडवतो, रुखरुख संध्याकाळी येऊन बसते. १९९८ मध्ये गिलोविच, मेडवेक आणि कानेमान या तिघांनी मिळून निबंध लिहिला आणि वाद बराचसा मिटवला. न केलेल्याची भावना पुष्कळदा हुरहुरीची असते हे मान्य झाले. मात्र काहींच्या बाबतीत ती खऱ्या निराशेपर्यंत जाते हेही मान्य झाले. चौकटीच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. खंतींची नुसती संख्या मोजली तर न केलेल्या गोष्टींचे पारडे जड होते. त्या किती जाळतात हे मोजले तर ते तेवढे जड राहीलच असे नाही.

मुळात ८० वर्षांचा तो माणूस कोण असतो? २०१३ मध्ये जोर्डी क्वाडबाख, डॅनिएल गिल्बर्ट आणि टिमथी विल्सन यांनी १९ हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गेल्या दहा वर्षांत आपल्या आवडीनिवडी, मूल्ये आणि स्वभाव बराच बदलला, असे लोक सांगत. पुढच्या दहा वर्षांत मात्र फारसे बदलणार नाही, असेही तेच सांगत. तरुण काय आणि प्रौढ काय, प्रत्येकाला वाटते की आपण आता पूर्ण घडलो आहोत. दहा वर्षांबाबत ही गत, तर पन्नास वर्षांबाबत काय बोलावे? ३० व्या वर्षी कल्पिलेला म्हातारा हा बहुधा पांढऱ्या केसांचा तोच तरुण असतो. बेझोस यांचा म्हातारा तंत्रज्ञानावर प्रेम करणारा आणि धाडसाला मान देणारा निघाला, यात नवल नाही.

एक शंका इतिहासाच्या अभ्यासकांना नेहमी येते: ही गोष्ट विजेत्याने मागाहून रचलेली तर नाही? ती सविस्तर प्रथम गाजली ती मे २००१ मधील एका मुलाखतीमुळे. पण तेव्हा बेझोस विजेते होते असे म्हणणे कठीण आहे. डॉट-कॉमचा फुगा फुटला होता, आणि १९९९ च्या अखेरीस १०० डॉलरच्या वर गेलेला ॲमेझॉनचा शेअर २० डॉलरच्या खाली आला होता. ‘बुडालो तरी खंत नाही’ हे वाक्य त्या वेळी पोकळ नव्हते.

तरीही स्मृती किती सहज कथा रचते याचा एक सुरेख नमुना याच प्रकरणात आहे. ब्रॅड स्टोन यांनी २०१३ मध्ये ॲमेझॉनचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात निर्णयाच्या सुमारास बेझोस यांनी काझुओ इशिगुरो यांची ‘द रिमेन्स ऑफ द डे’ ही कादंबरी नुकतीच वाचली होती, असे नमूद होते. आयुष्यभर चाकरी करून उतारवयात मागे वळून पाहणाऱ्या बटलरची ती कथा. प्रसंगाला इतकी चपखल की कोणालाही खरी वाटावी. मॅकेन्झी यांनी त्याच वर्षी ॲमेझॉनच्याच संकेतस्थळावर त्या पुस्तकाला एक तारा देत परीक्षण लिहिले आणि सांगितले की जेफ यांनी ती कादंबरी कंपनी सुरू झाल्यानंतर वर्षभराने वाचली. वीस वर्षांत जर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होऊ शकते, तर पन्नास वर्षांनंतरच्या साक्षीवर किती भिस्त ठेवायची?

सॅव्हेज यांना हे आधीच जाणवले होते. १९५४ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी या फरकाला ‘रिग्रेट’ म्हणण्यास नापसंती दर्शवली. तो शब्द भावनेने भारलेला आहे, आणि हुकलेले काय होते ते माणसाला पुढे कळतेच असा गैरसमज त्यातून होतो, ही त्यांची तक्रार होती. तक्त्यातली चारही घरे कागदावर दिसतात. आयुष्यात एकच घर दिसते. शॉ यांच्याकडे राहिलेले बेझोस कोण झाले असते, हे आजच्या बेझोस यांनाही ठाऊक नाही.

स्वतः बेझोस यांनी पुढे निर्णयांबद्दल जे लिहिले त्यात म्हाताऱ्यापेक्षा दुसरीच कसोटी पुढे येते. भागधारकांना लिहिलेल्या २०१५ सालच्या पत्रात त्यांनी निर्णयांचे दोन प्रकार केले. काही दरवाजे एकदा ओलांडले की परत येता येत नाही. तिथे सावकाश, खोल विचार करावा. बहुतेक दरवाजे दोन्ही बाजूंनी उघडतात. तिथे झटकन निर्णय घ्यावा, चुकले तर परत फिरावे. १९९४ च्या राजीनाम्याकडे या नजरेने पाहिले तर जाण्याचा दरवाजा दोन्ही बाजूंनी उघडणारा होता. राहण्याचा दरवाजा मात्र, वेबच्या पहिल्या दोन-तीन वर्षांपुरता, एकाच बाजूने उघडत होता. पुस्तकविक्री सुरू करण्याची तीच घटका १९९९ मध्ये परत मिळाली नसती. म्हाताऱ्याने दिलेले उत्तर बरोबर ठरले, त्यात या रचनेचा वाटा फार मोठा होता.

आणि सेंट्रल पार्कमधील दुसरा माणूस? डेव्हिड शॉ यांनी २००१ च्या सुमारास, पन्नाशीत, कंपनीच्या दैनंदिन कारभारातून अंग काढून घेतले. एवढ्या चांगल्या नोकरीत असताना ते पुन्हा विज्ञानाकडे वळले आणि प्रथिनांचे रेणू कसे हलतात याचे गणित करणारा ‘अँटन’ नावाचा महासंगणक त्यांच्या प्रयोगशाळेने उभारला. बेझोस यांचा जन्म १२ जानेवारी १९६४ चा. ज्याच्या साक्षीवर ॲमेझॉन उभी राहिली, तो ८० वर्षांचा माणूस २०४४ मध्ये प्रथमच बोलू शकेल.